माधवीस पत्र

प्रिय माधवी,

हे तुला समोर बसून सांगायला हवे होते. गेल्या चार महिन्यांत प्रत्येक भेटीत ते ओठांपर्यंत आले आणि प्रत्येक वेळी मी ते गिळले, म्हणून शेवटी लिहिते आहे. मला इंग्लिश खाडी पोहून पार करायची आहे. आजपासून दोन वर्षांनी, मी पंचेचाळीस वर्षांची असेन तेव्हा.

हे वाचताना तुझ्या मनात काय आले असेल, ते मला जवळजवळ शब्दशः ठाऊक आहे. त्यातले बरेचसे खरेही आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून फ्रान्सपर्यंतचे सर्वांत कमी अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे. पण भरती-ओहोटीचे प्रवाह पोहणाऱ्याला आडवे वाहून नेतात आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त पोहावे लागते. ऐन हंगामातही पाणी साधारण १५ ते १८ अंशांचे असते, आणि अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी व चष्मा एवढेच चालते. सोबतच्या नावेला आधारासाठी हात लावला, तर प्रयत्न तिथेच संपतो. आज मी सलग तीन तास पोहू शकते, तेही कोमट पाण्यात. हे सगळे मी अनेकदा मोजून पाहिले आहे, त्यामुळे ते तू पुन्हा मोजून दाखवावेस अशी गरज उरलेली नाही.

सहा वर्षांपूर्वी मी पोहायला शिकायचे ठरवले, तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘आता या वयात शिकून कुठल्या स्पर्धा जिंकायच्या आहेत तुला?’ मी हसले होते. पण त्यानंतर तीन आठवडे मी तलावाकडे फिरकले नाही, हे तुला आजवर सांगितले नव्हते. तुझा शब्द माझ्याजवळ फार दिवस राहतो, माधवी. परक्या माणसाने तेच म्हटले असते तर मी दाराबाहेर पडताच विसरले असते. तेव्हापासून मला जे सर्वांत जास्त हवे असते, ते मी तुलाच सर्वांत शेवटी सांगते. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत असे व्हावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि तरीही मी हे विसरलेले नाही की त्या भागीदारीत पैसे घालू नकोस असे एकट्या तूच बजावले होतेस, आणि ते न ऐकल्याचे फळ मी भोगले. तुझ्या शंकेमागे काळजी असते, हे मला कळते. मात्र ती काळजी नेहमी पहिले वाक्य बनून येते, आणि मग पुढचे बोलणे सुरूच होत नाही.

माझी एकच विनंती आहे. हे पत्र वाचून लगेच फोन करू नकोस. एक आठवडा जाऊ दे. आरती साहा यांनी १९५९च्या ऑगस्टमध्ये केलेला पहिला प्रयत्न किनारा अगदी जवळ आला असताना फसला होता, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्या खाडी पार करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. त्या मधल्या महिन्यात त्यांच्या जवळची माणसे त्यांच्याशी काय बोलली असतील, याचा मी वारंवार विचार करते.

आता जे मागायला खरे तर हे पत्र लिहायला घेतले, ते सांगते. पोहणाऱ्याबरोबर नावेत त्याची माणसे असतात. ती ठरलेल्या वेळी दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडतात, त्याचे हात मिनिटाला किती वेळा फिरतात ते मोजतात, त्याला प्रश्न विचारून उत्तरे नीट येतात का ते पाहतात. शरीर फार गारठले की माणसाचे बोलणे अडखळते, विचार विस्कळीत होतात आणि आपले काही बिघडले आहे हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. अशा वेळी नावेतल्या कोणीतरी ‘पुरे, बाहेर ये’ असे म्हणावे लागते, आणि पोहणारा कितीही विनवण्या करत असला तरी त्या शब्दावर ठाम राहावे लागते. माझ्या उत्साहाला जी कधीच भुलली नाही, अशी एकच व्यक्ती माझ्या आयुष्यात आहे. ती तू आहेस. नावेत तू असावीस असे मला वाटते.

एवढेच की तो ‘पुरे’ मला पाण्यात, दहाव्या किंवा बाराव्या तासाला, माझ्या हातांचा वेग पाहून ऐकायचा आहे. आज, पोशाखही भिजलेला नसताना नाही.

त्याआधी पात्रतेसाठी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे लागेल. तो दिवस पुढच्या वर्षीच्या थंडीत ठरवते आहे. काठावर बसून वेळ टिपायला येशील का, एवढ्याचेच उत्तर सध्या दे, आणि तेही आठवड्यानंतर.

तुझी,
नीलिमा