नारळ

तुळशीबागेत एका कॉलेजच्या पोरीने "आजोबा, जरा सरकता का?" म्हटलं, आणि दाढीचा निकाल लागला. माझं वय बेचाळीस.

2020 च्या मार्चमध्ये सलून बंद झाली तेव्हापासूनची ती दाढी. सलून पुन्हा उघडली, मी मात्र गेलो नाही. दाढी छातीवर रुळायला लागली.

"नक्की ना?" नारायण पेठेतल्या कारागिराने दोनदा विचारलं. मग कात्री, ट्रिमर, वस्तरा. शेवटी तुरटी फिरली तेव्हा अशी झोंबली की बास! आरशात पाहिलं तर नाकापर्यंत मी तपकिरी आणि खाली पांढराफटक, उसाच्या सोललेल्या कांड्यासारखा.

जिन्यात खालचे काका भेटले. "कोण पाहिजे?"

"काका, मी अभिजित."

"मग आधी सांगायचं ना," म्हणत ते निघूनही गेले. जणू चूक माझीच.

शलाकाने दार उघडलं, क्षणभर पाहिलं आणि हसत हसत चपलांच्या कपाटावरच बसली. "अरे, तुला हनुवटीच नाहीये!"

"लग्नात होती."

"तेव्हा होती. आता तिथून थेट गळाच सुरू होतो."

आई मेथी निवडत होती. माझ्या दाढीसाठी तिने तळ्यातल्या गणपतीला नारळ बोलला होता. पाच वर्षं रोज सकाळी "हा गोसावी कधी उतरवणार?" हे ऐकूनच मी चहा प्यायलोय. तिने चष्मा वर केला, खाली केला.

"किती वाळलायस रे," ती म्हणाली. "दाढीत जरा भरल्यासारखा दिसायचास."

"आई! आणि नारळ?"

"बघू," म्हणून ती पुन्हा मेथीत शिरली.

मुक्ता आजीच्या पाठीमागे लपली होती. चार वर्षांची ती, माझा हा चेहरा तिने जन्मात पाहिलेला नाही. "बाबा कधी येणार?" तिने आजीला विचारलं. मी "अगं, मीच बाबा" म्हटल्यावर तिला आवाज पटला, पण चेहरा पटेना. शेवटी तिनेच तोडगा काढला: मी पडद्यामागे उभं राहून बोलायचं. उभा राहिलो. पडद्याआडून वरणभाताचे चार घास भरवले. पाचव्याला तिने पडदा बाजूला करून पाहिलं आणि परत ओढून घेतला.

रात्री दिवा मालवल्यावर मात्र ती नेहमीसारखी माझ्या कुशीत आली. झोपताना तिला मुठीत दाढी लागते. अंधारात तिचा हात हनुवटीवर आला, चाचपडला, घसरला. गळ्यावर गेला, पुन्हा वर आला. मी श्वास रोखून पडून राहिलो.

बऱ्याच वेळाने तिने माझा कान घट्ट धरला.

"हा कापायचा नाही हं," ती पेंगत म्हणाली.