दसरा तोंडावर आलाय म्हणून आज सोन्याचं बोलूया

नमस्कार सगळ्यांना. मागे बसलेल्या काकूंनी जरा पुढं या बरं, आवाज पोचत नाही तिकडं.

मागच्या मीटिंगला आपल्या बचत गटाच्या अध्यक्ष ताईंनी विचारलं होतं की लाडक्या बहिणीचे १५०० येतात, दुधाच्या पगारातून पण थोडं मागं पडतं, तर दसऱ्याला ग्रॅम दोन ग्रॅम घ्यावं का बँकेत आरडी लावावी. तेव्हा वेळ नव्हता, म्हणून आज मुद्दाम तेवढंच बोलायला आलेय. आधीच सांगते, मी बँक सखी आहे, तुमची खाती बँकेत उघडली की मला थोडं कमिशन मिळतं, हे तुम्हाला माहीत असावं. तरी पण मी काही आरडीच करा म्हणून सांगायला आले नाही. सोनं मला पण आवडतं, माझ्या आईने दिलेल्या पाटल्या मी आजपर्यंत मोडल्या नाहीत.

पण एक डाग मोडलाय, त्याचं आधी सांगते. २०१२ च्या दिवाळीला मी बोरमाळ केली, तेव्हा तोळा ३१ हजाराच्या आसपास होता. भिशीचे आणि शिलाईचे साठवलेले पैसे होते, नवऱ्याकडून एक रुपया घेतला नव्हता, किती आनंद झालेला. आणि २०१५ च्या पावसाळ्यात सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, दोन दिवसात पैसे भरायचे होते, घेऊन गेले सराफाकडे तर तोळ्याचा भाव २५-२६ हजारावर आलेला, वरून मजुरी गेली, घट धरली, आणि जे हातात आलं ते मोजताना मला रडू आलं. माझ्या जावेने २०१२ मध्ये माझ्याबरोबरच घेतलेली माळ तिने कपाटात ठेवली, मोडायची वेळच आली नाही, आणि २०२५ मध्ये तोळा लाखाच्या वर गेला तेव्हा तिची माळ कुठल्या कुठं गेली. माल एकच, दुकान पण एकच. फरक एवढाच की मला पैसे कधी लागणार हे मी ठरवू शकत नव्हते.

तर मावशी, सोन्याचा भाव वाढतो हे खरंच आहे, पण तो तुमच्या गरजेच्या दिवशी वाढलेला असेल असं नाही ना.

आता डागिन्याचा हिशोब बघा, हा आपण बायका कधी करतच नाही. सोपं जावं म्हणून बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरू, आजचा भाव वेगळा असेल. पाच ग्रॅमचं काही केलं तर सोनं ५०,००० चं, मजुरी बारा टक्के धरली तर ६,०००, त्यावर तीन टक्के जीएसटी १,६८०, म्हणजे बिल ५७,६८०. तेच दुसऱ्या दिवशी मोडायला नेलं तर मजुरी पण गेली जीएसटी पण गेला, वर दोन टक्के घट धरली तर ४९,००० हातात. एका रात्रीत साडेआठ हजार गेले! भाव सतरा-अठरा टक्के चढला की तेव्हा कुठं तुमचं मुद्दल सुटतं. म्हणून बचत म्हणून सोनं घ्यायचं असेल तर वेढणं नाहीतर नाणं घ्या, मजुरी कमी लागते. आणि लेकीच्या लग्नाला, अंगावर घालायला डागिना केला तर हौसेने करा, फक्त त्याला बचत म्हणू नका.

पक्कं बिल घ्यायचंच, ओळखीचा सराफ असला तरी. हॉलमार्क बघायचा, त्यावर ९१६ आणि सहा अक्षरी-आकडी नंबर असतो, तो मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरं खोटं कळतं. पण दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाहीये, आणि आपण गुरुपुष्याला घेतो ते नेमकं एक ग्रॅम, त्यामुळे तिथं जास्त जपून.

आता आरडी. दर महिन्याला ५०० टाकले, तीन वर्षं, म्हणजे १८,००० भरले, व्याज सहा टक्के धरलं तर १९,७५० च्या आसपास मिळतात. कोणी म्हणेल एवढंसंच? हो, एवढंसंच. महागाई धरली तर फार काही उरत नाही, हे मी लपवत नाही. पण किती मिळणार आणि कुठल्या तारखेला मिळणार हे पहिल्या दिवशी माहीत असतं. जूनमध्ये शाळेची फी, पावसाच्या आधी बी-बियाणं, सुनेचं बाळंतपण, या सगळ्याला तारीख असते बघा, तिथं आरडीच. मधेच मोडावी लागली तर व्याज थोडं कमी मिळतं पण मुद्दल बुडत नाही. हप्ता चुकला तर शंभरामागे रुपया-दीड रुपया दंड लागतो, म्हणून लाडक्या बहिणीच्या पैशावर हप्त्याची तारीख ठेवू नका, ते कधी पुढं मागं होतात, दुधाचा पगार जमा होतो त्याच्या दोन दिवसांनंतरची ठेवा.

आणि एक गोष्ट, ही मी वीस घरात बघितलीय. सोनं सगळ्यांना दिसतं. नणदेच्या लग्नाला दे, ट्रॅक्टरच्या हप्त्याला गहाण ठेव, "परत सोडवून देतो" म्हणतात आणि ते सुटत नाही. स्त्रीधन तुमचंच असतं, कायद्याने पण तुमचंच, पण घरात चार माणसं समोर बसली की नाही म्हणायला तोंड उघडत नाही. आरडी तुमच्या एकटीच्या नावावर ठेवा, त्यावर नॉमिनी लावा, पासबुक तुमच्याच पेटीत. कोणी मागितलं तर मुदतीचं आहे, आत्ता निघत नाही म्हणायला कारण तरी असतं.

सराफाची अकरा महिन्यांची भिशी, बारावा हप्ता दुकानदार भरतो ती, तिचं विचारतात खूप जणी. दुकान बंद पडलं तर ते पैसे कोणी देत नाही, अशी दुकानं बंद झालेली आपण सगळ्यांनी ऐकलीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखापर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नसतो, हे नीट लक्षात ठेवा, व्याज एक-दोन टक्के जास्त बघून तिकडं जाऊ नका.

आणि ज्यांच्यावर गटाचं कर्ज आहे त्यांनी सोनं पण नको आणि आरडी पण नको, आधी कर्ज. आपण शेकडा दोन रुपयाने घेतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, आणि बँक देणार सहा. तो पैसा हप्त्यात जास्तीचा भरा, एवढी मोठी बचत दुसरी कुठली नाही.

मला विचाराल तर ज्या बाईचे महिन्याला हजार मागं पडतात तिने सातशे आरडीत टाकावेत आणि तीनशे बाजूला साठवून वर्षा-दोन वर्षांनी वेढणं घ्यावं, जे पंधरा वीस वर्षं हात लावायचं नाही असंच. तुमची गरज वेगळी असेल तर आकडे बदला. आज्जी, तुम्ही नका घेऊ आता सोनं, तुमच्या औषधाला रोख लागते.

येत्या गुरुवारी अकरा वाजता मी अंगणवाडीत बसते. आधार, पॅन, दोन फोटो आणि पासबुक आणा, पॅन नसलं तरी या, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो तो मी भरून देते. आणि जुन्या डागिन्यांची बिलं सापडली तर ती पण आणा, मजुरी किती लागली होती ते बसून बघू.