सराव चाचणी 3: मूल्यभेद आणि मागणीचे पूर्वानुमान

एम.कॉम. भाग 1, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र. गुण 20, वेळ 40 मिनिटं. आधी वहीत सोडवा, मगच खालचं उत्तर वाचा. मागच्या चाचणीत बऱ्याच जणांनी पर्याय बरोबर निवडला, पण कारणाची जागा कोरी सोडली. या वेळी कारणाला निम्मे गुण आहेत.

प्र. 1. यांपैकी मूल्यभेद कोणता नाही? (2)
अ) अजिंठा लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, परदेशी पर्यटकांना 600 रुपये
आ) ओळखपत्र दाखवल्यावर विद्यार्थ्याला नाटकाचं तिकीट स्वस्त
इ) पुस्तक घरपोच हवं असेल तर टपालखर्च वेगळा
ई) त्याच तपासणीची गरीब पेशंटकडून कमी फी

उत्तर: इ. तिथे विक्रेत्याचा खर्चच वाढतो, म्हणून किंमत वाढते. वस्तू तीच, खर्चही तोच आणि तरी किंमत वेगळी, तेव्हाच मूल्यभेद.

प्र. 2. 2016 पासून राजधानी, दुरांतो आणि शताब्दी गाड्यांना फ्लेक्सी भाडं लागू झालं. दर 10 टक्के जागा भरल्या की मूळ भाडं 10 टक्क्यांनी चढायचं, कमाल दीडपटीपर्यंत. पिगूच्या तीन प्रकारांपैकी हा कोणता? (3)

उत्तर: तिसऱ्या प्रकाराच्या सर्वांत जवळचा. आधी ठरवून निघणारा प्रवासी दुसरी गाडी, दुसरा दिवस शोधू शकतो, त्याची मागणी लवचिक. घरी कुणी आजारी पडलं म्हणून उद्याच निघणाऱ्याची ताठर. पहिला प्रकार नाही, कारण प्रत्येकाचं संपूर्ण संतोषाधिक्य काढून घेतलेलं नाही. दुसऱ्यात दर खरेदीच्या नगसंख्येवर बदलतो, तेही इथे नाही. मात्र रेल्वे माणूस पाहून भाडं लावत नाही, जागा किती भरल्या ते पाहते. हा आक्षेप ज्यांनी मांडला असेल त्यांना मी पूर्ण गुण देईन.

प्र. 3. एका प्रकाशकाच्या पुस्तकाचा सीमांत खर्च दोन्ही बाजारांत 60 रुपये. ग्रंथालयांच्या मागणीची लवचिकता 2, विद्यार्थ्यांची 4. दोन्ही किमती काढा. (4)

उत्तर: नफा महत्तम होण्यासाठी दोन्हीकडे सीमांत प्राप्ती 60 हवी.

```
MR = P(1 − 1/e)
60 = P(1 − 1/2)  →  P = 120
60 = P(1 − 1/4)  →  P = 80
```

लवचिकता कमी तिथे किंमत जास्त. घाईत हे नेमकं उलटं लिहिलं जातं.

प्र. 4. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या किर्तसेंग यांनी आशियातल्या स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकल्या. जॉन वायली प्रकाशनाने खटला भरला. 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने किर्तसेंग यांच्या बाजूने निकाल दिला. मूल्यभेदाची कोणती अट इथे मोडली? (2)

उत्तर: पुनर्विक्री अशक्य असण्याची. स्वस्त बाजारातला माल महाग बाजारात पोचू लागला की दोन किमती टिकत नाहीत. प्र. 1 मधला पेशंट आपली तपासणी दुसऱ्याला विकू शकत नाही, म्हणून सेवांमध्ये मूल्यभेद इतका सोपा जातो.

प्र. 5. कोल्हापुरी चपलांच्या एका कारखान्याची 2021 ते 2025 मधली विक्री (शेकडा जोड): 40, 44, 45, 49, 52. न्यूनतम वर्ग पद्धतीने 2026 चा अंदाज काढा. (5)

उत्तर: मधलं वर्ष 2023, तिथे X = 0.

```
a = ΣY/n = 230/5 = 46
b = ΣXY/ΣX² = (−80 − 44 + 0 + 49 + 104)/10 = 2.9
2026: X = 3, Y = 46 + 2.9 × 3 = 54.7
```

म्हणजे 5,470 जोड. सहावं वर्ष म्हणून X = 6 धरलंत तर 63.4 येईल. असं उत्तर आलं की थबकायचं: 52 वरून एका वर्षात 63 कसे? मागच्या पाच वर्षांत एवढी उडी एकदाही नाही.

प्र. 6. याच कारखान्याला आता चामड्याऐवजी कापडी चपला काढायच्या आहेत. (क) कल पद्धत चालेल का? (ख) डेल्फी पद्धत सर्वेक्षणाची की संख्याशास्त्रीय? (4)

उत्तर: (क) नाही. ज्या मालाची विक्रीच झालेली नाही, त्याचा कल कुठून आणणार? ग्राहकांना, दुकानदारांना विचारावं लागेल. त्यातही जपून. विक्री प्रतिनिधीला ठाऊक असतं की त्याच्या अंदाजावरून त्याचं टार्गेट ठरणार, म्हणून तो आकडा कमी सांगतो. ग्राहकाचं उलट: ‘घेईन की’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

(ख) सर्वेक्षणाची. फेऱ्या होतात, मध्यक काढला जातो, म्हणून ती संख्याशास्त्रीय वाटते. पण कच्चा माल म्हणजे तज्ज्ञांचं मत. प्रत्येकाला दुसऱ्यांची उत्तरं कळतात, नावं कळत नाहीत, त्यामुळे ज्येष्ठाच्या दबावाखाली कुणी मान डोलावत नाही. पद्धत ओळखताना गणित किती आहे ते पाहू नका. हातात लोकांचं बोलणं आहे की मागच्या व्यवहारांचे आकडे, एवढंच तपासा.