पथदिवे संकल्पन अहवाल: २४ मीटर विकास आराखडा रस्ता, जलकुंभ चौक ते बाजार समिती नाका, सोलापूर

प्रति: मा. शहर अभियंता (विद्युत)
सादरकर्ता: सल्लागार अभियंता (विद्युत)
विषय: १.८ किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर एलईडी पथदिवे उभारण्याचे तांत्रिक संकल्पन

१. रस्ता आणि सध्याची स्थिती

रस्त्याची एकूण रुंदी २४ मीटर आहे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी ७.५ मीटरचा डांबरी रस्ता, मध्ये १.२ मीटरचा दुभाजक, कडेला १.५ मीटरची पट्टी आणि गटारीवर २.४ मीटरचा पदपथ अशी रचना आहे. साखळी ४५० मीटर आणि १३५० मीटर येथे दोन चौक आहेत. ९०० ते १५०० मीटर या पट्ट्यात डाव्या पदपथावर जुनी कडुनिंबाची आणि गुलमोहराची झाडे आहेत. दवाखाना, मुलींचे वसतिगृह आणि दोन बसथांबेही याच पट्ट्यात येतात.

सध्याचे सोडियम दिवे पदपथावरच्या खांबांवर आहेत. रात्री साडेनऊनंतर लक्समीटरने घेतलेल्या मोजणीत डांबरी रस्त्यावर सरासरी ७ लक्स मिळाले. झाडांखालच्या पदपथावर तो आकडा १ ते २ लक्सवर आला. इथे दिव्याची वॅटेज वाढवून उपयोग नाही, कारण दिवा फांद्यांच्या वर आहे आणि माणूस फांद्यांखाली चालतो. म्हणून या अहवालात रस्त्याचा उजेड आणि पदपथाचा उजेड वेगवेगळा धरला आहे.

२. प्रकाशमानाची उद्दिष्टे

वर्गीकरण आयएस १९४४ (भाग १ व २) प्रमाणे केले आहे. बाजार समितीकडे पहाटे जाणारे मालट्रक, शहर बस, रिक्षा, दुचाकी आणि सायकली अशी मिश्र वाहतूक असल्याने हा रस्ता ए-२ गटात बसतो. या गटासाठी सरासरी १५ लक्स आणि किमान-सरासरी गुणोत्तर ०.४ अपेक्षित आहे.

| भाग | सरासरी (देखभालीत टिकणारी) | किमान ÷ सरासरी |
|---|---|---|
| मुख्य रस्ता (ए-२) | १५ लक्स | ०.४ |
| चौक | २२.५ लक्स | ०.४ |
| झाडांखालचा पदपथ (बी-१ प्रमाणे) | ८ लक्स | ०.३ |

चौकासाठी सरळ रस्त्याच्या दीडपट मूल्य धरण्याचा निर्णय आमचा आहे. वळणारे वाहन आणि रस्ता ओलांडणारा माणूस समोरासमोर येतात ते चौकातच.

देखभाल गुणांक ०.७५ घेतला आहे. यात दिव्याचा उजेड काळानुसार घटण्याचा वाटा आणि काचेवर बसणाऱ्या धुळीचा वाटा आहे. उन्हाळ्यात या भागात धूळ भरपूर उडते आणि बाजार समितीकडे भुसा-कचऱ्याची भर पडते. त्यामुळे वर्षातून एकदा काच पुसण्याचे काम देखभाल करारात नावानिशी लिहावे. ते होणार नसेल तर ०.७५ हा आकडा धरता येत नाही.

३. खांबांची मांडणी

खांब दुभाजकात, दोन हातांचे, ९ मीटर उंचीचे. हाताची लांबी १.५ मीटर असल्याने दिवा डांबरी रस्त्यावर ०.९ मीटर पुढे येतो. दुभाजकात कण्हेर आहे. ती दीड मीटरच्या आत छाटलेली राहिली तर उजेडाला अडत नाही.

दिवा ९० वॅटचा (ड्रायव्हरसह एकूण वॅट), किमान ११,७०० लुमेन, ४००० केल्विन, आयपी ६६, १० केव्ही सर्ज संरक्षणासह. उपयोग गुणांक निवडलेल्या प्रकाशवितरण फाइलवरून ०.४५ आला.

```
E = (F × CU × MF) / (S × W)
S = 30 m : E = (11700 × 0.45 × 0.75) / (30 × 7.5) = 17.55 lux
S = 35 m : E = (11700 × 0.45 × 0.75) / (35 × 7.5) = 15.04 lux
```

प्राथमिक बैठकीत अंतर ३५ मीटर ठेवावे, खांब कमी लागतील, अशी सूचना आली होती. वरच्या सूत्रात ३५ मीटरही पास होते, म्हणून हा मुद्दा सविस्तर मांडतो. सरासरी पुरली तरी दोन खांबांच्या मधोमध, डांबराच्या बाहेरच्या कडेला काय मिळते ते वेगळे तपासावे लागते. सायकलवाला आणि गाडी लावून उतरणारा माणूस नेमका तिथे असतो.

```
Ep = 2 × (I × cos³γ / h²) × MF
S = 30 m : γ = 61.2°, I = 3600 cd → Ep = 7.4 lux, Ep/E = 0.42
S = 35 m : γ = 64.3°, I = 3500 cd → Ep = 5.3 lux, Ep/E = 0.35
```

३५ मीटरला गुणोत्तर ०.३५ वर येते आणि मानक मोडते. जास्त वॅटचा दिवा लावला तरी हे सुधारत नाही. सरासरी आणि किमान दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात, खांबाखाली उजेडाचे डबके आणखी प्रखर होते आणि मधला पट्टा तुलनेने काळाच राहतो. अंतर वाढवायचे तर खांबाची उंची वाढवावी लागेल. त्यासाठी पाया मोठा हवा, आणि १.२ मीटरच्या दुभाजकात तेवढी जागा नाही. म्हणून ९ मीटर उंची आणि ३० मीटर अंतर ही जोडी आम्ही पक्की केली आहे. कामाच्या वेळी खर्च वाचवण्यासाठी यातला एक आकडा सुटा बदलू नये.

पहिला खांब साखळी १५ मीटरवर, शेवटचा १७८५ वर, एकूण ६० खांब आणि १२० दिवे. या मांडणीत दोन्ही चौकांचे मध्य दोन खांबांच्या बरोबर मधे येतात. चौकातला दुभाजकाचा खंड २४ मीटरचा असल्याने लगतचे खांब दुभाजकाच्या टोकापासून ३ मीटर आत बसतात आणि वळणाऱ्या ट्रकचा धक्का बसत नाही.

साखळी १२३० वर ११ केव्हीची उघडी वाहिनी रस्ता ओलांडते. तीही १२१५ आणि १२४५ या खांबांच्या मधोमध, प्रत्येकापासून १५ मीटरवर आहे. उभा खांब सुरक्षित अंतरावर असला तरी तो उचलताना क्रेनचा दांडा वाहिनीजवळ जाऊ शकतो. हे दोन खांब वीज कंपनीकडून लेखी शटडाउन घेऊनच उभे करावेत.

प्रत्येक चौकात चार कोपऱ्यांवर ९ मीटरचे एकहाती खांब, १२० वॅट, १५,६०० लुमेन. २४ × २४ मीटर क्षेत्रावर उपयोग गुणांक ०.३२ धरून सरासरी २६ लक्स मिळते.

झाडांच्या ६०० मीटर पट्ट्यात पदपथावर ५ मीटर उंचीचे ३० खांब, २० मीटर अंतराने, २४ वॅटचे दिवे (२८८० लुमेन). अरुंद पट्ट्यामुळे उपयोग गुणांक ०.२० एवढाच धरला आहे, तरी सरासरी ९ लक्स येते. खांबाची जागा खोडापासून किमान दीड मीटर दूर घ्यावी आणि खड्डा हाताने खणावा, जेसीबीने मुळे तुटतात.

४. विद्युत भार आणि फीडर

पॅनेल साखळी ९०० वर, म्हणजे रस्त्याच्या मध्यावर. तिथून दोन फीडर निघतात: एफ-१ बाजार समितीकडे आणि एफ-२ जलकुंभ चौकाकडे.

| | एफ-१ | एफ-२ |
|---|---|---|
| दुभाजकातील दिवे, ६० × ९० | ५४०० वॅट | ५४०० वॅट |
| चौक, ४ × १२० | ४८० वॅट | ४८० वॅट |
| पदपथ, ३० × २४ | ७२० वॅट | – |
| एकूण | ६६०० वॅट | ५८८० वॅट |

एकत्रित भार १२.४८ किलोवॅट. ०.९५ पॉवर फॅक्टरवर १३.१ केव्हीए आणि ४१५ व्होल्टला १८.३ अँपिअर. २० टक्के वाव ठेवून मंजूर भार १५ किलोवॅटचा मागावा.

खांबांना आर, वाय, बी असे क्रमाने फेज द्यावेत. एक फेज गेला तर दर तिसरा खांब बंद पडेल, सलग अंधार होणार नाही. एका खांबावरचे दोन्ही दिवे एकाच फेजवर असावेत, म्हणजे खांबाच्या पेटीत ४१५ व्होल्ट येत नाहीत आणि लाइनमनचा धोका कमी होतो. चौक आणि पदपथाचे दिवे वाटल्यावर एफ-१ वर फेजनिहाय भार आर २२३२, वाय २१८४, बी २१८४ वॅट होतो. सर्वाधिक प्रवाह ९.८ अँपिअर.

केबल निवडताना वहनक्षमता हा प्रश्न नाही, १६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबलही हा प्रवाह सहज नेते. अडते ते ९०० मीटर लांबीवरच्या व्होल्टेज घटीत. भार सगळीकडे सारखा पसरलेला असल्याने निम्मी लांबी धरली आहे. पदपथाचा भार प्रत्यक्षात पॅनेलजवळ आहे, त्यामुळे हे गणित थोडे जास्तच कडक आहे.

```
ΔV = I × R × (L/2) × cosφ
16 sq mm : 9.8 × 2.45 × 0.45 × 0.95 = 10.3 V  (4.3%)
25 sq mm : 9.8 × 1.54 × 0.45 × 0.95 = 6.5 V   (2.7%)
```

२० टक्के वाढीव भार धरल्यास १६ चौ. मिमीची घट ५.१ टक्क्यांवर जाते, २५ चौ. मिमीची ३.२ टक्क्यांवर राहते. आमची मर्यादा वाढीव भारासह ४ टक्के आहे. त्यामुळे दोन्ही फीडरना ४ कोर, २५ चौ. मिमी, आर्मर्ड, एक्सएलपीई ॲल्युमिनियम केबल (आयएस ७०९८ भाग १) घ्यावी.

फीडरवर १६ अँपिअर, सी-कर्व्ह एमसीबी. एलईडी ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात, बी-कर्व्ह विनाकारण पडण्याची शक्यता असते. मात्र केबलच्या शेवटी फेज-न्यूट्रल शॉर्ट झाल्यास दोष प्रवाह सुमारे ८६ अँपिअरच मिळतो आणि एमसीबी तत्क्षणी पडेल याची खात्री नाही. म्हणून प्रत्येक खांबाच्या पेटीत ६ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी आणि प्रत्येक फीडरला ३०० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज रिले अनिवार्य ठेवला आहे. पावसाळ्यात खांबाला हात लागून शॉक बसण्याच्या घटना घडतात, तेव्हा माणूस या रिलेवर विसंबून असतो. निविदेतून ही बाब कोणत्याही कारणाने वगळू नये. २५ × ३ मिमी जीआय पट्टी सर्व खांबांना सलग जोडावी आणि दर पाचव्या खांबाला अर्थ इलेक्ट्रोड द्यावा (आयएस ३०४३).

५. मंदीकरण आणि वीजवापर

रात्री ११ ते पहाटे ५ दुभाजकातील दिवे ६० टक्क्यांवर आणावेत. तेव्हा सरासरी १०.५ लक्स राहते. त्या वेळच्या विरळ वाहतुकीला बी-१ गटाचे ८ लक्स पुरेसे आहेत आणि गुणोत्तर बदलत नाही. चौक व पदपथाचे दिवे मंद करू नयेत. त्यांचा भार मिळून १.६८ किलोवॅट आहे आणि दवाखान्यातून रात्री बारा वाजता बाहेर पडणाऱ्या बाईला तोच उजेड हवा असतो.

रोज सरासरी ११.५ तास धरल्यास मंदीकरणाशिवाय वार्षिक वापर ५२,३८५ युनिट, मंदीकरणासह ४२,९२४ युनिट.

६. स्वीकृती मोजणी

दोन खांबांमधल्या एका डांबरी पट्ट्यावर लांबीत ३ मीटर अंतराने १० आणि रुंदीत ३ असे ३० बिंदू घ्यावेत. मोजणीवेळी पॅनेल आणि शेवटच्या खांबावरचे व्होल्टेज नोंदवावे. चांदण्या रात्री मोजणी नको.

नव्या, स्वच्छ दिव्यांत १५ लक्स मिळाले म्हणून काम स्वीकारू नये. १५ हा देखभालीत टिकणारा आकडा आहे. पहिल्या दिवशी किमान २० लक्स हवेत आणि या संकल्पनानुसार सुमारे २३ यायला हवेत. २० पेक्षा कमी आले तर दिव्यांचा अहवाल, हाताचा कोन आणि उंची तपासून ठेकेदाराने दुरुस्ती करावी, त्यानंतरच देयक.

निविदेपूर्वी पॅनेलच्या जागेचा सातबारा उतारा आणि दुभाजकाखालून गेलेल्या जुन्या पाण्याच्या नळाची खोली, या दोन बाबी पाणीपुरवठा व मालमत्ता विभागांकडून मिळाव्यात. नळ १.२ मीटरपेक्षा वर असेल तर त्या भागातील खांबांच्या पायाचा नकाशा बदलून देऊ.