रजिस्ट्रीचे प्लॅन: स्टोरेज किती, पुल किती, आणि लॉगिन केल्याने काय फरक पडतो

१ ऑगस्टपासून हे प्लॅन लागू. पैसे भरायच्या आधी एवढं वाचा: लॉगिन फुकट आहे आणि बहुतेक लोकांचं काम तेवढ्यावरच भागतं.

लॉगिन न करता: पब्लिक इमेज कुणीही ओढू शकतो, ६ तासांत १०० पुल. पण हे १०० माणसामागे नाहीत, आयपीमागे आहेत (आयपीव्ही६ असेल तर पूर्ण /64 मिळून एक धरतो). म्हणजे हिंजवडीतल्या एखाद्या को-वर्किंगमध्ये चाळीस लॅपटॉप एकाच वायफायवर असले तर त्या चाळीस जणांना मिळून १००, आणि मोबाईल डेटावर असाल तर तुमचा आयपी किती अनोळखी लोकांबरोबर शेअर होतोय ते तुम्हालाही कळत नाही. सकाळी पहिलाच पुल मारला आणि लिमिट संपलंय म्हणून एरर आला, अशा तक्रारी आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात, आणि दरवेळी कारण हेच निघतं. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून असंच लिमिट लावलं तेव्हा सीआयवाल्यांची झोप उडाली होती तीही याचमुळे, बिल्ड रनर सगळे एकाच आयपीमागे.

फुकट अकाउंट, ₹०: ६ तासांत ३०० पुल, आणि हे तुमच्या अकाउंटचे, शेजारच्याने काहीही केलं तरी तुमचे कमी होत नाहीत. स्टोरेज ५ जीबी, प्रायव्हेट रेपो २.

डेव्हलपर, महिना ₹२४९: ६ तासांत ३,००० पुल, ५० जीबी, प्रायव्हेट रेपो हवे तितके. एकटा माणूस आणि एखादा छोटा क्लस्टर असेल तर हा पुरतो.

टीम, महिना ₹१,१९९: १० जणांपर्यंत, २५० जीबी, पुलवर लिमिट नाही. सीआयसाठी वेगळे टोकन काढता येतात, ते माणसांत मोजत नाही.

जास्तीची जागा लागली तर पैसेवाल्या दोन्ही प्लॅनवर जीबीमागे महिना ₹३.

पुल म्हणजे नक्की काय मोजतो

मॅनिफेस्टची एक `GET` म्हणजे एक पुल. लेयर दहा असोत की तीस, ते यात धरत नाही. `HEAD` पण धरत नाही, त्यामुळे इमेज बदललीये का एवढंच बघणारी टूल्स बिनधास्त चालवा. मल्टी-आर्च इमेजला आधी इंडेक्स आणि मग तुमच्या आर्किटेक्चरचा मॅनिफेस्ट अशा दोन रिक्वेस्ट जातात, त्या आम्ही मिळून एकच धरतो, पण amd64 आणि arm64 दोन्ही ओढले तर दोन. ६ तास म्हणजे आत्तापासून मागचे ६ तास, घड्याळाचे ठरलेले नाहीत. किती उरलेत ते उत्तराच्या हेडरमध्ये दिसतं:

```
ratelimit-limit: 300;w=21600
ratelimit-remaining: 41;w=21600
```

वेगाचं लिमिट वेगळं

हे पुलच्या कोट्यात मोडत नाही, आणि यात लेयरसकट सगळ्या रिक्वेस्ट येतात: लॉगिन नसेल तर आयपीमागे सेकंदाला १०, फुकट अकाउंटला ५०, पैसेवाल्यांना २००. टीम प्लॅनलाही हे आहे, कारण एकाच्या बिघडलेल्या स्क्रिप्टने बाकीच्यांचे डिप्लॉय अडकायला नकोत. दोन्ही लिमिटांना `429` येतो आणि सोबत `Retry-After` मध्ये किती सेकंद थांबायचं तेही येतं, तेवढं थांबा, लगेच परत परत मारू नका. कुबरनेटिसमध्ये हेच `ImagePullBackOff` म्हणून दिसतं आणि लोक इमेजचं नाव तपासत बसतात. आधी पॉडच्या स्पेकमध्ये हे आहे का बघा, नसेल तर नोड लॉगिन न करताच ओढतोय (`reg-login` नावाचं सीक्रेट त्याच नेमस्पेसमध्ये हवं):

```
imagePullSecrets:
  - name: reg-login
```

स्टोरेज

कॉम्प्रेस्ड साइज मोजतो, आणि एकच लेयर तुमच्या वीस इमेजमध्ये असेल तरी एकदाच. टॅग डिलीट केला की जागा लगेच सुटत नाही, रोज रात्री २ वाजता सफाई चालते, तेव्हा ज्या मॅनिफेस्टला एकही टॅग उरलेला नाही ते जातात. डायजेस्टने इमेज वापरत असाल तर तिला एक टॅग ठेवाच, नाहीतर तीही जाईल.

जागा भरली तर फक्त पुश थांबतं. जागा भरली म्हणून पुल आम्ही कधीच बंद करत नाही, आणि पेमेंट अडकलं तरी ते ३० दिवस चालू राहतं, कारण रात्री नोड पडला आणि नव्या नोडला इमेजच मिळाली नाही तर चालू साइट बंद पडते, बिलाच्या भांडणात ते होता कामा नये.

जुन्या अकाउंटना ३१ ऑगस्टपर्यंत आधीचंच लिमिट राहील. ५ जीबीच्या वर आधीच असाल तर काहीही डिलीट करणार नाही, फक्त जागा खाली येईपर्यंत नवीन पुश होणार नाही.