दुसऱ्या कंपनीची फायबर लाइन इमारतीत आणण्यास परवानगी मिळण्याबाबत

दि. १० मार्च २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समिती सदस्य,
चैत्रपालवी सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
रुईकर कॉलनी, कोल्हापूर

विषय : बीएसएनएलची फायबर लाइन इमारतीत घेण्यास परवानगी

स. न. वि. वि.

मी सदनिका क्र. ३०२ ची सभासद. आपल्या इमारतीत सध्या एकाच कंपनीचे इंटरनेट आहे. त्याच्या जोडीला बीएसएनएलची फायबर लाइन आणण्यास समितीने परवानगी द्यावी आणि हा विषय मार्चच्या मासिक सभेत घ्यावा, ही विनंती. सध्याची लाइन काढा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्यांचे तिच्यावर भागते आहे, त्यांनी ती खुशाल ठेवावी.

दुसरी लाइन कशाला, हा प्रश्न जिन्यात मला दोघा-तिघांनी विचारला. दरांबद्दल मी बोलत नाही, ते आज एक तर उद्या दुसरे. खरी अडचण सध्याची लाइन घरापर्यंत येते त्या पद्धतीत आहे. त्या कंपनीची फायबर गच्चीपर्यंतच येते. तिथे पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी पेटीत त्यांचा स्विच आहे आणि तिथून प्रत्येक घरात तांब्याची लॅन केबल उतरते. हा स्विच जिन्याच्या कॉमन मीटरवर चालतो. त्यामुळे लाईट गेली की पेटीतली छोटी बॅटरी संपेपर्यंतच नेट चालते. घरातला इन्व्हर्टर राउटर चालू ठेवतो, पण वरचा स्विचच बंद पडल्यावर त्याचा काय उपयोग? शिवाय त्या विजेचे बिल आपण चोवीसही घरे मेंटेनन्समधून भरतो, ज्यांनी कनेक्शन घेतलेले नाही तेसुद्धा.

दुसरा त्रास वळवाचा. गच्चीवरून उतरणारी तांब्याची तार जवळपास वीज पडली की झटका आत आणते. गेल्या वर्षी मे महिन्यात एका संध्याकाळी तीन घरांचे राउटर आणि स्विचचे काही पोर्ट एकदम गेले. त्यानंतर नेट सुरळीत व्हायला आठवडा लागला. ३०४ मधल्या मुलीची त्याच आठवड्यात ऑनलाइन परीक्षा होती. ती मामाच्या घरी शाहूपुरीत जाऊन दिली.

नवी लाइन वेगळ्या तऱ्हेची आहे. काचेचा धागा थेट घरातल्या यंत्रापर्यंत येतो. वाटेत इमारतीत बसते ती फक्त स्प्लिटरची पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. एका धाग्यातला प्रकाश ती अनेक घरांत वाटते आणि तिला वीज लागत नाही. म्हणजे कॉमन मीटरवर काही भार नाही आणि लाईट गेली तरी ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याचे नेट चालू राहू शकते. काचेतून विजेचा झटका येत नाही. मात्र काही केबलमध्ये ताणासाठी स्टीलची तार असते, म्हणून इमारतीच्या आत धातू नसलेलीच केबल वापरावी, ही अट परवानगीपत्रात लिहून घ्यावी असे मला वाटते.

आता मार्गाबद्दल. समितीला खरी काळजी याचीच असणार, आणि ती रास्त आहे. दर्शनी भिंतीवर लोंबणाऱ्या काळ्या वायरी आपण रोज पाहतो, रंगकामाचा खर्चही आपणच केला आहे. आपली इमारत १९९६ ची. तेव्हा घरोघरी दूरसंचार खात्याचा फोन असे, आणि त्यासाठी बिल्डरने जिन्यालगत भिंतीच्या आत पाइप टाकून प्रत्येक मजल्यावर एक पेटी ठेवली आहे. लँडलाइन आता एकाही घरात नाही, तारा मात्र आत तशाच आहेत. बीएसएनएलच्या स्थानिक भागीदाराच्या तंत्रज्ञाने सचिवांसमक्ष चारही मजल्यांच्या पेट्या उघडून पाहिल्या. जुनी तार ओढून काढायची आणि तिच्याच टोकाला बांधून फायबर वर न्यायची, असे त्यांनी सुचवले आहे. फायबर तीव्र कोनात वाकली तर प्रकाश गळतो, म्हणून कमी त्रिज्येत वाकणारी केबल वापरणार आहेत. दर्शनी भिंतीला, गच्चीला किंवा वॉटरप्रूफिंगला हात लागणार नाही. भोक पडेल ते एकच, मागच्या बाजूला पार्किंगच्या भिंतीत. कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेऊन ते बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे, केबलला तिथे खाली झोल द्यावा आणि भोक सीलंटने बुजवावे.

मागची बाजू मी मुद्दाम धरली आहे. सध्याची लाइन पुढच्या रस्त्यावरच्या खांबांवरून येते. दुसरीही त्याच खांबांवरून आणली, तर एक फांदी पडून दोन्ही तुटतील, मग दोन कंपन्या असून नसल्यासारख्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराचे काय झाले ते आपण पाहिले आहे. तेवढ्या आपत्तीत कुठली लाइन टिकेल याची हमी कोणी देऊ नये, पण रोजच्या तुटातुटीत दोन वेगळ्या वाटांचा फायदा नक्की होतो.

सध्याच्या कंपनीच्या माणसाने काही सभासदांना "इथे दुसऱ्या कुणाला येता येत नाही" असे सांगितल्याचे कानावर आले. सचिवांनी दप्तर पाहून सांगितले की संस्थेने त्यांना दिलेले परवानगीपत्र आहे, पण दुसऱ्याला मज्जाव करणारा करार नाही. आणि जिना, पाइप, गच्ची संस्थेची आहे, आधी आलेल्या कंपनीची नव्हे. दूरसंचार नियामक ट्रायनेही २०१७ साली इमारतींमधील प्रवेशाबाबत शिफारशी करताना सेवादारांना भेदभाव न करता प्रवेश मिळावा, हीच भूमिका घेतली होती. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे मला माहीत आहे. मी कायद्याचा धाक दाखवत नाही. उद्या तिसरी कंपनी आली, तर तिलाही याच अटींवर याच पाइपातून येऊ द्यावे, असे माझे मत आहे.

खर्च संस्थेला काहीही नाही. काम दोन दिवसांचे आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, दुपारी दोन ते चार ड्रिल बंद. भागीदार १०,००० रुपये अनामत ठेवायला तयार आहे. काही मोडतोड झाली तर त्यातून दुरुस्ती करावी, नाहीतर काम तपासून ती परत द्यावी. एप्रिलअखेर काम झाले तर पावसाआधी भिंत बुजेल. सदनिका १०१, १०४, २०३, ३०४ आणि ४०१ च्या सभासदांनीही या अर्जाला संमती दिली आहे.

समितीचे काम हलके व्हावे म्हणून ठरावाचा मसुदा देत आहे. हवे ते बदल करावेत :

"बीएसएनएलच्या स्थानिक भागीदारास जिन्यालगतच्या जुन्या टेलिफोन पाइपातून धातुविरहित फायबर केबल टाकण्यास व तळमजल्यावर विजेविना चालणारी एक पेटी बसवण्यास परवानगी देण्यात येत आहे. केबल दर्शनी भिंतीवर किंवा गच्चीवर नेता येणार नाही. प्रत्येक केबलवर कंपनीचे नाव व सदनिका क्रमांक लिहावा. सेवा बंद झाल्यास साहित्य एका महिन्यात स्वखर्चाने काढावे. ही परवानगी इतर कोणत्याही कंपनीस मज्जाव करणारी नाही."

सभेत काही शंका निघाल्यास मला बोलवावे. तंत्रज्ञही येण्यास तयार आहेत, फक्त दोन दिवस आधी कळवावे. समितीचा निर्णय नकाराचा असल्यास तो कारणासह लेखी मिळावा.

कळावे,

आपली विश्वासू,
स्नेहल पाटील
सदनिका क्र. ३०२

सोबत : मार्गाचा हाताने काढलेला नकाशा, पाच सभासदांची संमतीपत्रे, भागीदाराचे अनामतीबाबतचे पत्र