वरच्या मजल्यावरच्या आप्पा-माईंना, डब्यासोबत चिठ्ठी

भुसावळ
२ मे

आदरणीय आप्पा आणि माई,
सप्रेम नमस्कार.

आखाजीला तुम्ही आमरस-पुरणपोळीचा डबा पाठवला होता, तो आज परत करतेय. रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून आईने पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू ठेवलेत. लाडवांच्या वरच ही चिठ्ठी. समोरासमोर बोलायचं दोनदा ठरवलं. एकदा जिन्यात माई भेटल्याही, पण तुम्ही आधीच विचारलंत, "पोरगी काय करून राहिली?" आणि मी "मजेत आहे" म्हणून मोकळी झाले. मनातलं मनातच राहिलं. लिहिताना जरा नीट सुचतं.

आधी एक कबुली. परवा दुपारी खालून कुंच्याच्या दांड्याने तुमची फरशी कोणी ठोकली, ती मीच. चिऊ अर्ध्या झोपेतून दचकून उठली होती, ह्यांची रात्रीची ड्यूटी होती, मी आदल्या रात्री तीनदा उठले होते आणि डोकं फिरलं. ठोकल्यावर लगेच लाज वाटली. घरी लग्न आहे तुमच्या, आणि खालून कोणी दांडा मारतंय. माफ करा.

आता विनंती. दुपारी दीड ते चार या वेळात ड्रिल, कटर आणि ठोकाठोकी थांबवता आली, आणि स्पीकरचा आवाज कमी ठेवता आला, तर आमच्यावर मोठे उपकार होतील. बाकी सगळा दिवस काम चालू द्या. सकाळी नऊला ड्रिल सुरू झालं तरी चालतं, तेव्हा चिऊ जागीच असते आणि तुमच्या मिस्तरींचा आवाज आला की मान वर करून छताकडे बघते. तिला वाटतं तिकडे कोणीतरी राहतं. (राहताच तुम्ही.)

भुसावळमध्ये राहून आवाजाची तक्रार करायची म्हणजे लोक हसतील, हे मला माहीत आहे. रात्रभर यार्डातून शंटिंगचा आवाज येतो, भोंगे वाजतात, मालगाड्या जातात. चिऊ त्यात ढिम्म हलत नाही. ह्यांना तर उलटा त्रास, गाडीचा आवाज नसला की झोप येत नाही. माझ्या माहेरी यावलला ह्यांना पहाटेपर्यंत जाग असते. म्हणून मलाही आधी कळेना की ड्रिलनेच ती का उठते. मग एक दिवस पाहिलं. तिची झोळी हॉलच्या छतातल्या कडीला टांगलेली आहे, आईच्या जुन्या नऊवारीची. कडी आहे आमच्या छतात, म्हणजे तुमच्या फरशीखाली. वर ड्रिल लागलं तेव्हा मी झोळीच्या दोरीला हात लावून बसले होते, आणि दोरी हातात अक्षरशः थरथरली. मालगाडीचा आवाज लांबून हळूहळू येतो आणि हळूहळू जातो, वर कूलरचा घुर्रर्र असतो, त्यात तो विरून जातो. ड्रिल मात्र हवेतून येतच नाही, स्लॅबमधून उतरतं आणि थेट पोरीच्या पाठीला भिडतं. कूलर कितीही जोरात लावला तरी उपयोग नाही. गाण्याचं वेगळं आहे. गाणं कमी ऐकू येतं, पण त्यातला तो धम् धम् ठेका येतोच येतो. शब्द एकही कळत नाही, ठेका मात्र सगळा खाली.

झोळी दुसरीकडे नेऊन पाहिली. आतल्या खोलीत कडी नाही, आणि दुपारी तिथे भिंती इतक्या तापतात की मोठ्या माणसाला बसवत नाही. मेमधलं आपलं ऊन तुम्हाला काय सांगायचं, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. कूलर हॉलमध्ये एकच आहे. म्हणून ती तिथेच झोपते.

हीच वेळ का, तेही सांगते, म्हणजे मी उगीच हट्ट धरते असं वाटणार नाही. चिऊ पाच महिन्यांची झाली. डॉक्टर म्हणाले, या वयात दिवस-रात्र मिळून बारा ते सोळा तास झोप हवी. रात्री उकाड्याने ती नीट झोपत नाही, दोनदा-तीनदा उठतेच. सकाळची डुलकी अर्ध्या तासाची. राहिली ती दुपारची, तीच तिची खरी झोप. त्यातही मी एक पाहिलंय: झोपल्यावर साधारण पाऊण तासाने ती चुळबुळ करते, एक डोळा किलकिला करते, ओठ चोखते. त्या दोन मिनिटांत घर शांत असलं, झोळीला एक हलका झोका दिला, की परत गाढ झोपते आणि पुढचा दीड तास मिळतो. तेव्हाच नेमकं ड्रिल लागलं की खेळ खल्लास. मग संध्याकाळपर्यंत किरकिर, दूध नीट पीत नाही आणि रात्रीही वाईट जाते. अर्धवट झोपेतून उठलेलं लेकरू थकून लवकर झोपेल असं मलाही वाटायचं, पण होतं उलटंच.

आणि खरं सांगायचं तर माझंही जेवण तेव्हाच होतं. गेल्या आठवड्यात चार दिवस एका हाताने जेवले. ती झोळीत, एक हात दोरीवर, एक हात ताटात. माई, तुम्ही तीन लेकरं वाढवलीत, तुम्हाला जास्त सांगायला नको.

तुमची अडचणही मला दिसते. लग्न चोवीस तारखेला. सूनबाई यायच्या आधी किचनच्या ट्रॉल्या, आतल्या खोलीतलं कपाट, सगळं व्हायला हवं. मिस्तरी रोजाने आहेत, दुपारी अडीच तास बसून राहिले तरी मजुरी द्यावीच लागणार. म्हणून मी काल आगाऊपणा केला, त्याबद्दलही रागावू नका. मिस्तरी खाली पाणी भरायला आले होते, त्यांना विचारलं की आवाज न करणारं काही काम असतं का. ते म्हणाले, असतं की ताई, सनमायका चिकटवायचा आहे, कडा घासायच्या आहेत, मापं घ्यायची आहेत, पॉलिश आहे, ते दुपारी उरकतो, भिंतीला होल मारायचं सकाळी आणि साडेचारनंतर, मालकांनी सांगितलं तर. मालक म्हणजे तुम्ही. तुमच्या कामात परस्पर बोलायचा माझा हक्क नाही, पण तो माणूस इतक्या सहज बोलला की वाटलं, जमेल. तशीही दुपारी दोनच्या उन्हात त्याची मशीनसुद्धा तापते असं तोच म्हणत होता.

गाण्यांचं. भूषणदादाच्या हळदीसाठी पोरं नाच बसवतायत, हे ऐकून मला छानच वाटतं. ऐकू तर येतंच! तो एक ठेका आता इतका पाठ झालाय की भांडी घासताना माझे पाय हलतात. मुलांना सांगा, संध्याकाळी सहानंतर गच्चीवर बसवा नाच. पाणी मारलं की गच्ची निवते, वाराही असतो, जागाही मोठी. मी चिऊला घेऊन बघायला येईन. रविवारी दुपारी सगळी चुलत-मामेभावंडं जमतात म्हणून तीच वेळ सोयीची असेल, तर निदान स्पीकर जमिनीवर न ठेवता टेबलावर किंवा जाड गोधडीवर ठेवा, आणि त्यातला बास कमी करा. तुम्हाला गाणं नीट ऐकू येईल, खाली ठेका बराच कमी होईल. मी घरच्या स्पीकरवर करून बघितलंय.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुपारच्या झोपेबद्दल असं काही कुठे लिहिलेलं नाही, म्हणून नियम सांगत नाही, शेजारी म्हणून मागतेय. आपल्या बिल्डिंगमध्ये हे असंच चालत आलंय. बाळंतपणाहून आले तेव्हा माईंनी पंधरा दिवस वरून बाजरीच्या भाकरी पाठवल्या, ते कुठल्या नियमात होतं?

आणखी एक. चिऊ कधी चारच्या आत उठते. तेव्हा तुम्ही उगीच वाट बघत बसू नका. ती उठली की मी भूषणदादाच्या नंबरवर मिस्ड कॉल देईन, काम सुरू करायला मोकळे. आणि एखाद्या दिवशी थांबणं शक्यच नसेल, ट्रकमधून माल आलाय, मिस्तरीला दुसऱ्या साइटवर जायचंय, असं असेल, तर सकाळी फक्त एक निरोप द्या. मी तिला घेऊन त्या दिवशी खालच्या वहिनींकडे जाऊन बसेन. आधी कळलं की सोय होते, अचानक लागलं की हाल होतात, एवढंच.

हळदीच्या आणि लग्नाच्या दिवशी मात्र माझी काही अट नाही. चोवीसला दुपारी दीडला वाजवा, तीनला वाजवा. त्या दिवशी मी झोळी काढून ठेवणार आहे, आणि चिऊला नवं झबलं घालून मांडवात घेऊन येणार आहे. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असणार, असं ह्यांनी आत्ताच कानावर घेतलंय, त्यांनी त्या दिवसाची रजा टाकलीसुद्धा.

माई, बिबड्या आणि कुरडया करायच्या राहिल्या असतील तर सांगा. पहाटे पाच ते सात मी मोकळी असते, ह्यांची ड्यूटी नसली तर ते चिऊला सांभाळतात. सोऱ्या फिरवायला, गच्चीवर पसरायला येईन. चीक हाटायचं मात्र तुम्हीच बघा, माझ्याच्याने त्यात गुठळ्या होतात.

काही कमी-जास्त लिहिलं असेल तर लहान समजून सोडून द्या, आणि वेळ बदलायची असेल तर हक्काने सांगा. एक ते साडेतीन केलं तरी मी चिऊला तसं वळण लावून बघेन. तिचं काही सांगता येत नाही, पण प्रयत्न करते.

आप्पांना साखर चालत नाही, आणि लाडू गुळाचे असले तरी गूळही साखरेसारखाच. तेव्हा माई, तुम्ही मोजूनच द्या.

तुमची,
मेघा
(खालचं घर, पहिला मजला)

ता. क. डब्याच्या झाकणाला तुमचं नाव कोरलेलं आहे ते आज घासताना दिसलं, तेव्हा हा डबा नक्की तुमचाच. मागच्या वेळी जो दिला होता तो बहुधा खालच्या वहिनींचा होता. त्यांना विचारते.